ॲड्रेनलिनची वाफ: मात्रा किती आणि नंतर बाळाला किती वेळ थांबवायचं

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी जीपचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग तो खोकला. कुत्रं भुंकावं तसा कोरडा, घोगरा. ज्यानं हा खोकला एकदा ऐकला आहे त्याला बाळ दारातून आत यायच्या आधीच निम्मं निदान झालेलं असतं. आईच्या कडेवर अकरा महिन्यांचा मुलगा होता. दोन दिवस सर्दी, त्या रात्री साडेबाराच्या सुमारास एकदम जाग आली आणि श्वास आत घेताना घर्र असा आवाज सुरू झाला. ग्रामीण रुग्णालयात त्या रात्री मी आणि एक सिस्टर, एवढेच होतो.

हा लेख अशा रात्री ड्यूटीवर असणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि सिस्टरांसाठी आहे. आईवडील वाचत असतील तर त्यांनीही जरूर वाचावा, म्हणजे ‘वाफ दिली, बरं वाटलं, तरी डॉक्टर घरी का सोडत नाहीत’ हे कळेल. मात्र ही ॲड्रेनलिनची वाफ म्हणजे घरी नेब्युलायझरमध्ये घालायचं औषध नव्हे, आणि गरम पाण्याची वाफ तर त्याहून नव्हे. असा खोकला आणि घर्र आवाज आणणारा हा आजार म्हणजे क्रूप, आणि त्यात पातेल्यातल्या वाफेचा उपयोग होत नाही आणि भाजलेली मुलं मात्र येतात.

आत काय चाललेलं असतं

क्रूपमध्ये सूज असते ती स्वरयंत्राच्या लगेच खाली. तिथे श्वासनलिकेभोवती कूर्चेचं पूर्ण बंद कडं असतं, त्यामुळे सुजलेल्या अस्तराला बाहेर फुगायला जागाच नसते. ते आतच फुगतं. तान्ह्या मुलाची ती वाट चार मिलिमीटरची धरली आणि सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली, तर उरते दोन मिलिमीटर. क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतं आणि हवेला होणारा अडथळा गणितानं सोळा पट. बाळ रडून जोरात श्वास ओढू लागलं की तो आणखी वाढतो. म्हणून क्रूपच्या बाळाला रडवणं हेच एक दुखणं आहे.

ॲड्रेनलिन त्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळतं. पाझर कमी होतो, सूज उतरते, वाट मोकळी होते. परिणाम दहा मिनिटांत दिसू लागतो, अर्ध्या तासात सर्वांत जास्त असतो आणि दोन तासांच्या आसपास ओसरतो. विषाणूवर किंवा दाहावर तो काहीही करत नाही. दाह उतरवण्याचं काम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं, आणि त्याला जोर धरायला दोनेक तास लागतात. थोडक्यात, ॲड्रेनलिन हे डेक्सा पोहोचेपर्यंतचं उसनं आहे. उसनं घेतलं की फेडीची वेळ लक्षात ठेवावी लागते, आणि या लेखातली अर्धी धडपड त्या वेळेचीच आहे.

आधी पाहायचं ते

बाळाला आईच्या मांडीवरच राहू द्या. जीभ दाबून घसा बघू नका, सुई टोचू नका, एक्स-रेला पाठवू नका. दोन हात लांब उभं राहून अर्धा मिनिट नुसतं बघा आणि ऐका.

आमच्या मुलाचा तो घर्र आवाज तो शांत असतानाही येत होता. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा खोल आत जात होती. चेहरा घाबरलेला, खेळण्याकडे लक्ष नाही. श्वास मिनिटाला ५२, नाडी १६४, ऑक्सिजन ९५ टक्के. नवशिक्या डॉक्टरची इथे फसगत होते, कारण ९५ आकडा बघून हायसं वाटतं. क्रूपमध्ये ऑक्सिजन उतरतो तो अगदी शेवटी. त्यामुळे यंत्रावरचा आकडा चांगला म्हणून क्रूप सौम्य, असं कधीच धरू नका. शांत असतानाचा आवाज आणि छातीची जोराची ओढ, या दोन गोष्टी एकत्र असतील तर ॲड्रेनलिन द्यायचं. फक्त रडताना आवाज येतो आणि एरवी बाळ हसतं, तर डेक्सा पुरे.

आवाज एकाएकी कमी झाला पण बाळ मलूल, फिकट किंवा निळसर दिसू लागलं, तर ते बरं होणं नव्हे, दमून जाणं आहे. तेव्हा वाफेची तयारी आणि श्वासनलिकेत नळी घालू शकणाऱ्या माणसाला फोन, दोन्ही एकदम.

हा क्रूपच आहे ना, हाही प्रश्न त्याच अर्ध्या मिनिटात सोडवायचा. लाळ गळते आहे, खूप ताप आहे, पुढे वाकून बसलंय आणि भुंकल्यासारखा खोकला नाही, तर घशाच्या झाकणाची सूज असू शकते. मान बैलासारखी सुजलेली आणि लसीकरण अर्धवट, तर घटसर्प डोक्यात आणा. आपल्याकडे तो अजून संपलेला नाही आणि त्याला प्रतिविष लागतं. सर्दी-ताप काहीच नाही आणि खेळता खेळता एकदम ठसका लागून सुरू झालं, तर शेंगदाणा विचारा. आणि बाळ सहा महिन्यांहून लहान असेल, किंवा हे वारंवार होत असेल, तर साध्या क्रूपवर समाधान मानू नका. तिथे मुळातच वाट अरुंद असण्याची शक्यता असते. अशाही बाळाला ॲड्रेनलिननं तात्पुरतं बरं वाटू शकतं, म्हणून ‘वाफेनं उतरलं म्हणजे क्रूपच’ हा तर्क चालत नाही.

मात्रा

आपल्याकडे मिळतं ते साधं ॲड्रेनलिन, १:१००० ताकदीचं. एका अँप्यूलमध्ये एक मि.लि. आणि त्यात एक मिलिग्रॅम. परदेशी पुस्तकांत रेसेमिक ॲड्रेनलिनची मात्रा दिलेली असते (२.२५ टक्के द्रावण, किलोला ०.०५ मि.लि., जास्तीत जास्त अर्धा मि.लि.). तो आकडा आपल्या अँप्यूलला लावला तर मात्रा अगदीच अपुरी पडते. साधं ॲड्रेनलिन तितकंच चांगलं काम करतं, हे १९९२ मध्येच तुलना करून दाखवलं गेलं आहे.

नियम असा: किलोला ०.५ मि.लि., जास्तीत जास्त ५ मि.लि. तीन महिन्यांचं, सुमारे सहा किलोचं बाळ असेल तर ३ मि.लि. सहा महिन्यांचं सात किलोचं, तर ३.५. नऊ महिन्यांचं आठ किलोचं, तर ४. वर्षाचं नऊ किलोचं, तर ४.५. दहा किलो आणि त्यापुढे सगळ्यांना ५ मि.लि. वयावरून काढलेले हे आकडे वजनकाटा हाताशी नसेल तेव्हापुरतेच. आपल्याकडची बरीच बाळं वयाच्या मानानं हलकी असतात, म्हणून आईलाच काट्यावर बाळासकट उभं करा आणि मग एकटीला. अर्धा मिनिट लागतो आणि बाळ रडत नाही.

पुस्तकं बदलली की हे आकडे बदलतात आणि गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये किलोला ०.४ मि.लि. देतात. कॅनडात वय-वजन न बघता सरळ ५ मि.लि. जागतिक आरोग्य संघटनेच्या खिशातल्या पुस्तकात २ मि.लि. आहे. एवढा फरक चालतो कसा? कारण कपात घातलेल्या औषधाचा मोठा भाग कपाच्या भिंतींवर, मास्कबाहेर आणि हवेत जातो. लहान बाळ लहान श्वास घेतं, म्हणून त्याच्या वाट्यालाही कमीच येतं. तेव्हा ३.५ की ४ यावर वेळ घालवू नका. आपल्या वॉर्डात एकच नियम ठरवा आणि तो भिंतीवर लावा.

आमच्या मुलाचं वजन ८.४ किलो. म्हणजे ४.२ मि.लि., म्हणजे पाच अँप्यूल फोडायच्या. इथे सिस्टर थांबली. ‘सर, पाच?’ तिचं थांबणं अगदी बरोबर होतं. एरवी ॲड्रेनलिन म्हणजे दशांश मि.लि.मध्ये मोजायची गोष्ट, आणि पाच अँप्यूल फोडताना हात अडखळला नाही तर तोच काळजीचा विषय. मी मोठ्यानं म्हणालो, ‘नेब्युलायझरसाठी, शिरेत नाही, चार पूर्णांक दोन.’ तिनं तेच परत म्हटलं.

एवढा सोपस्कार का, तर मी एका ठिकाणी असताना ही भरलेली सिरिंज ट्रेमध्ये सलाइनच्या सिरिंजशेजारी तशीच पडलेली पाहिली आहे. ती शिरेत गेली असती तर ते बाळ वाचलं नसतं. म्हणून सिरिंज ट्रेमध्ये ठेवायचीच नाही. भरली की लगेच कपात रिकामी, सिरिंज कचऱ्यात, आणि फोडलेल्या अँप्यूल वाफ संपेपर्यंत मोजायला शेजारी. औषध गुलाबी किंवा तपकिरी झालेलं असेल तर ते खराब झालंय, वापरू नका.

यंत्र आणि मास्क

साध्या जेट नेब्युलायझरच्या कपात सुमारे एक मि.लि. तळाशी अडकून राहतं. म्हणून एकूण द्रव ४ ते ५ मि.लि. हवा. मात्रा ३ मि.लि. असेल तर वर १-२ मि.लि. नॉर्मल सलाइन घाला. ४ किंवा ५ मि.लि.मध्ये काहीच मिसळायची गरज नाही. डिस्टिल्ड वॉटर मात्र कधीच नाही.

शक्यतो ऑक्सिजनवर चालवा, मिनिटाला ६ ते ८ लिटर. कमी ठेवला तर थेंब मोठे होतात आणि तोंडातच बसतात. ५ लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला नेब्युलायझर जोडलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. धूर निघताना दिसतो, पण त्याला पुरेसा दाब नसतो. सिलिंडर नसेल तर साधा कॉम्प्रेसर वापरा आणि ऑक्सिजन नाकातल्या नळीनं वेगळा द्या.

मास्क चेहऱ्याला टेकलेला हवा. दोन बोटं दूर धरलेल्या मास्कमधून बाळाला फार थोडं मिळतं. दुसरीकडे, मास्क दाबून धरला आणि बाळ किंचाळू लागलं, तर औषध जातं कमी आणि अडथळा वाढतो. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: मास्क आईच्या हातात द्या. बाळाची पाठ आईच्या छातीला, आईचा एक हात बाळाच्या पोटावर, दुसऱ्या हातात मास्क, आणि आपण सगळे जरा मागे. आमचा मुलगा मिनिटभर झटापट करून शांत झाला. कप दहा ते पंधरा मिनिटांत संपतो. फुरफुर आवाज येऊ लागला की एकदा टिचकी मारा, भिंतीवरचे थेंब खाली येतात.

डेक्सा विसरू नका

वाफ सुरू असतानाच डेक्सा काढून ठेवा. गंभीर क्रूपमध्ये किलोला ०.६ मिलिग्रॅम, एकदाच. ८.४ किलोला ५ मिलिग्रॅम. मि.लि.ला ४ मिलिग्रॅम असलेल्या इंजेक्शनच्या बाटलीतून १.२५ मि.लि. हेच इंजेक्शनचं द्रावण तोंडानं दिलेलं चालतं. थोड्या साखरेच्या पाण्यात घालून गालाच्या आतल्या बाजूनं सोडा. गिळवत नसेल किंवा उलटी झाली तर मांडीत इंजेक्शन. पण सुई टोचायचीच असेल तर पहिली वाफ संपल्यावर.

घड्याळ

आमची वाफ २ वाजून १७ मिनिटांनी सुरू झाली, अडीचला संपली. केसपेपरवर ‘२:३०’ मोठ्या अक्षरात लिहून गोल केला. मोजणी वाफ संपल्यापासून करायची, बाळ आल्यापासून नव्हे. २:३५ ला डेक्सा तोंडानं दिला.

२:४० ला घर्र आवाज जवळपास गेला होता, छातीची ओढ हलकी झाली होती. नाडी १७८ आणि तोंडाभोवती फिकटपणा. तो ॲड्रेनलिनचाच परिणाम, अर्ध्या-पाऊण तासात उतरतो. ३ वाजता मुलगा आईचं दूध प्यायला आणि झोपला. आणि नेमकं ३ वाजून ५ मिनिटांनी आजोबा आत आले. ‘डॉक्टर, आता बरंय. जीपवाला खोळंबलाय, त्याला पहाटे भाजी घेऊन जायचंय. निघतो आम्ही.’

याच क्षणी हे बाळ हातातून निसटतं. ३ वाजता ते खरोखरच बरं दिसत होतं, कारण त्या वेळी औषधाचा परिणाम शिखरावर होता. गावाला पोहोचायला तासभर, आणि उतार सुरू होणार तो गावात किंवा वाटेत. मी आजोबांना म्हणालो, ‘आजोबा, हे बरं होणं वाफेचं आहे, आजाराचं नाही. वाफ साडेचारपर्यंत उतरेल. तेव्हा त्याचा श्वास कसा असेल ते मला इथे बघायचंय.’ जीपवाला गेला.

किती थांबवायचं? कॅनडात किमान दोन तास मानतात, बरेच जण तीन ते चार. मी चार तास धरतो, कारण दोन तासांचा नियम रुग्णालय जवळ आणि गाडी दारात असणाऱ्यांसाठी आहे. या चार तासांत पहिला तास दर पंधरा मिनिटांनी आणि नंतर दर अर्ध्या तासानं बघा: शांत असताना आवाज, छातीची ओढ, श्वास, नाडी, बाळ दूध पितंय का. सर्वांत बारीक नजर दीड ते अडीच तासांच्या पट्ट्यात हवी.

परत आलेला त्रास सुरुवातीपेक्षा जास्त असतो अशी एक समजूत आहे, आणि तिच्यापोटी काही जण पहिली वाफ द्यायलाही कचरतात. तसं होत नाही. ॲड्रेनलिन उतरल्यावर बाळ आधी जिथे होतं तिथे परत जातं, फार तर. पण जिथे होतं ती जागाच वाईट होती, हे विसरू नका.

४ वाजून १५ मिनिटांनी सिस्टरनं हाक मारली. मुलगा झोपेतच होता आणि घर्र आवाज परत आला होता, ओढ पहिल्यापेक्षा कमी. दुसरी वाफ, तीच मात्रा, ४:३२ ला संपली. घड्याळ पुन्हा शून्यावर. आता मात्र डेक्सालाही दोन तास होत आले होते. पावणेसातला बघितलं, आवाज नाही. साडेआठला फक्त रडल्यावर थोडा. दोन वाफा लागलेल्या बाळाला मी त्याच दिवशी सोडत नाही, कारण क्रूप रात्री डोकं वर काढतो. पुढची रात्र वॉर्डात काढून तो सकाळी घरी गेला.

एकाच वाफेत निभावलं असतं, तर चार तासांनी या अटींवर सोडलं असतं: शांत असताना आवाज नाही, ऑक्सिजन न लावता रंग आणि आकडा ठीक, दूध पितो, डेक्सा पोटात टिकलाय, आणि पुन्हा त्रास झाला तर तासाभरात परत येण्याची सोय आहे. शेवटची अट पुरी होत नसेल तर सकाळपर्यंत ठेवा.

दुसरीनंतर तिसरी लागली तर

पहिल्या वाफेनं काहीच फरक पडला नाही तर दुसरीसाठी दोन तास थांबायचं नसतं. पंधरा-वीस मिनिटांत परत देता येते. पण तेव्हाच निदानाचा पुन्हा विचार करा आणि १०८ ला फोन करा. तिसरी वाफ चालू असताना बाळ अतिदक्षता विभागाच्या वाटेवर असायला हवं. ॲम्ब्युलन्समध्ये ॲड्रेनलिन, कप, मास्क आणि श्वास देण्याची पिशवी बरोबर द्या आणि शेवटची वाफ कधी संपली ते चिठ्ठीवर लिहा.

वरचेवर वाफा देताना हृदयाच्या ठोक्यांचा मॉनिटर लावा. निरोगी मुलातही लागोपाठच्या वाफांनंतर ठोके गंभीरपणे बिघडल्याची क्वचित उदाहरणं नोंदलेली आहेत. फॅलोचा चतुष्क दोष किंवा हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा असलेल्या बाळाला ही वाफ देण्याआधी, शक्य असेल तर, वरिष्ठांशी बोला.

ब्रॉन्किओलायटिस

हेच औषध, तोच कप, पण इथे माझा सूर बदलतो. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत येणारी, नाक वाहणारी, छातीत सूं-सूं आणि करकर आवाज असलेली ही बाळं. इथे त्रास लहानात लहान नळ्यांमध्ये, चिकट कफ आणि गळून पडलेल्या पेशींचा. एका ठिकाणची सूज उतरवून तो सुटत नाही.

नॉर्वेत ४०४ बाळांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये आला. रेसेमिक ॲड्रेनलिन आणि साधं सलाइन, रुग्णालयातला मुक्काम दोन्हींत सारखाच. कॅनडातल्या ८०० बाळांच्या २००९ च्या अभ्यासात ॲड्रेनलिन आणि डेक्सा एकत्र दिलेल्या गटात आठवड्याभरात दाखल होण्याचं प्रमाण १७ टक्के आणि दोन्ही न दिलेल्या गटात २६ टक्के निघालं. पण अनेक तुलना एकाच वेळी केल्याचा हिशेब धरल्यावर तो फरक ठाम राहिला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये सरळ सांगितलं की नेहमीच्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये ॲड्रेनलिन देऊ नका. मीही देत नाही. नाक साफ करणं, ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजन, धाप लागत असेल तर नळीनं थोडं थोडं दूध, हेच उपचार.

एकच अपवाद करतो. बाळ अतिशय गंभीर आहे, पुढच्या सोयीच्या ठिकाणी पाठवायची तयारी चालू आहे, आणि हातात काही मिनिटं आहेत. तेव्हा एक वाफ, कॅनडातल्या त्या अभ्यासात दिली तशी ३ मि.लि., तीही मॉनिटर लावून. देण्याआधी श्वासाची गती पूर्ण एक मिनिट मोजून लिहा, ओढ किती ते लिहा. संपल्यावर अर्ध्या तासानं तेच परत. फरक नसेल तर ‘उपयोग नाही, पुन्हा देऊ नये’ असं केसपेपरवर लिहा, नाहीतर पुढच्या ड्यूटीवरचा डॉक्टर दर चार तासांनी चालू ठेवतो. इथे ‘चार तास थांबवून घरी’ हा प्रश्नच येत नाही. ज्या बाळाला ही वाफ द्यावीशी वाटली, ते दाखलच व्हायला हवं. तीन महिन्यांहून लहान किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर तर नक्कीच, कारण अशी बाळं काहीही पूर्वसूचना न देता श्वास घ्यायचं थांबतात, आणि ते बघायला रात्रभर कुणीतरी शेजारी जागं हवं.